मागच्या वेळी कुठवर आलो होतो?

प्रवचनाला बसलेले बुवा गादीवर स्थिरावले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मागच्या वेळी आपण कुठवर आलो होतो? समोरच्या रांगेतले चारपाच जण लगेच ओवीचा आकडा सांगतात आणि निरूपण पुढे सुरू होते. मंदिरात ही सोय शेकडो वर्षे आहे. तेच प्रवचन यूट्यूबवर गेले की ती नाहीशी होते. तिथे 1 तास 40 मिनिटांचा सलग व्हिडिओ असतो, त्याच्या शेजारी तसाच आणखी एक असतो, आणि कोणता आधीचा व कोणता नंतरचा हे कुठेच लिहिलेले नसते. श्रोता पुण्यात असो की न्यू जर्सीत, मंगळवारी अर्धवट सोडलेले चिंतन गुरुवारी शोधताना त्याची दहा मिनिटे जातात, आणि बहुतेकदा तो शोधणेच सोडून देतो.

महाराष्ट्रातली प्रवचने आणि कीर्तने आता मोठ्या प्रमाणावर मोबाइलवर ऐकली जातात. खेड्यातल्या सप्ताहाचेही थेट प्रक्षेपण होते. कॅमेरा, माइक, इंटरनेट यांवर मंडळे हौसेने खर्च करतात. पण व्हिडिओ चढवल्यानंतरचे शेवटचे अर्ध्या तासाचे काम, म्हणजे त्यात टप्पे पाडणे, त्याला मालिकेत योग्य जागी बसवणे आणि नावात क्रमांक घालणे, बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. या कामाला पैसा लागत नाही, त्यामुळे ते का राहते हा खरा प्रश्न आहे. एक उत्तर असे, की हे काम करणाऱ्याला ग्रंथ आणि मोबाइल दोन्ही कळावे लागतात, आणि मंडळात हे दोन जाणकार सहसा वेगवेगळे असतात.

कॅसेटच्या काळात ही अडचण वेगळ्या रीतीने सुटली होती. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटे मावत, म्हणून दोन तासांचे कीर्तन चार बाजूंत वाटले जाई. तोडणी जिथे फीत संपेल तिथे, कधी ऐन दृष्टांताच्या मध्यावर. पण कॅसेटचा एक गुण मोबाइलमध्ये नाही: ती जिथे थांबवली तिथेच थांबून राही. आजीने दुपारी बंद केलेली कॅसेट संध्याकाळी त्याच वाक्यापासून पुढे चाले, मग घरात दुसऱ्या कुणी रेडिओ ऐकला असला तरी फरक पडत नसे.

मोबाइलवर ही आठवण खात्यावर अवलंबून असते. यूट्यूबवर श्रोता लॉगिन केलेला असेल आणि त्याचा पाहण्याचा इतिहास चालू असेल, तर व्हिडिओच्या चित्राखाली लाल रेघ दिसते आणि तो पुन्हा उघडल्यावर साधारण तिथूनच सुरू होतो. इतिहास बंद ठेवला असेल, किंवा दिवाणखान्यातल्या टीव्हीवर मुलाचे खाते आणि हातातल्या मोबाइलवर स्वतःचे असेल, तर ही आठवण पुसली जाते. एकाच मोबाइलवर आजोबांचे प्रवचन आणि नातवाची कार्टून चालत असतील, तर लाल रेघ असूनही तो व्हिडिओ यादीत कुठे गेला हे आजोबांना सापडत नाही. म्हणून ‘यंत्र लक्षात ठेवील’ यावर विसंबणे वयस्क श्रोत्यांच्या बाबतीत पुरेसे नाही. श्रोत्याला तोंडी सांगता येईल, वहीत लिहून ठेवता येईल असा पत्ता लागतो.

गंमत म्हणजे हा पत्ता आपल्या ग्रंथांत आधीपासून आहे. दासबोधाचे वीस दशक आणि प्रत्येकात दहा समास, असे दोनशे समास. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय, आणि प्रचलित प्रतींत ओव्या नऊ हजारांच्या थोड्या वर. एकनाथी भागवताचे एकतीस अध्याय. मनाचे श्लोक दोनशे पाच. कोणत्याही चॅनेलवाल्याने नव्याने शोधून काढावी अशी क्रमरचनाच उरलेली नाही. तरी चॅनेलवर क्रम लागतो तो चढवल्याच्या तारखेने. ग्रंथाचा क्रम एक आणि पडद्याचा क्रम दुसरा, हे या सगळ्या गोंधळाचे मूळ आहे.

एक जुने उदाहरण इथे उपयोगी पडते. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली गीतेवर प्रवचने दिली. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक, अशी अठरा. आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुस्तक झाले तेव्हा अठरा प्रवचनांची 108 प्रकरणे पाडली गेली, प्रत्येकाला छोटे शीर्षक दिले गेले, आणि प्रकरणांचे आकडे पहिल्या अध्यायापासून अठराव्यापर्यंत सलग राहिले. त्यामुळे ‘अमुक प्रकरण वाचा’ एवढे सांगितले तरी पुरते, अध्याय वेगळा सांगावा लागत नाही. बोललेल्या प्रवचनाला टप्पे कसे पाडावेत याचा याहून चांगला नमुना मराठीत सहज सापडणार नाही. एका प्रवचनात सरासरी सहा टप्पे, आणि शीर्षक चारपाच शब्दांत. आजच्या व्हिडिओलाही हेच प्रमाण जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते.

व्हिडिओतल्या टप्प्यांना यूट्यूबवर चॅप्टर म्हणतात. 2020 पासून ही सोय सर्वांसाठी खुली आहे. व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमध्ये ओळीच्या सुरुवातीला वेळ आणि पुढे नाव लिहायचे, की खालच्या पट्टीचे तुकडे पडतात आणि बोट ठेवले की त्या तुकड्याचे नाव दिसते. नियम मोजके आहेत. पहिली वेळ 0:00 च हवी, निदान तीन टप्पे हवेत, वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि कोणताही टप्पा दहा सेकंदांपेक्षा लहान नको. वेळ इंग्रजी अंकांत लिहावी. नाव अर्थातच मराठीत.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातले एक प्रवचन घेऊन हे पाहता येईल. गीतेच्या तेराव्या श्लोकापासून भक्ताची लक्षणे सुरू होतात, आणि प्रचलित प्रतींत त्यावरच्या ओव्या 144 पासून येतात. तिथे ज्ञानेश्वर एकामागून एक दाखले देतात. पृथ्वी चांगल्याला धरून वाइटाला टाकत नाही. राजाच्या देहात राहीन, गरिबाच्या देहात राहणार नाही असे प्राण म्हणत नाही. आणि गाईची तहान भागवीन, वाघाला मात्र विष होऊन मारीन असे पाणी म्हणत नाही. दीड तासाच्या प्रवचनात बुवा या पाचसहा ओव्यांवर तासभर सहज बोलतात. त्या व्हिडिओचे चॅप्टर असे पडतील:

```
0:00 मंगलाचरण
5:50 मागील भागाची उजळणी
14:25 श्लोक 13, ओवी 144: कुणाचाच द्वेष नाही
27:10 ओवी 145: पृथ्वीचा दाखला
38:40 ओवी 146: प्राणाचा दाखला
49:05 ओवी 147: गाय, वाघ आणि पाणी
1:04:30 ओवी 148: सर्वांशी मैत्री
1:21:15 समारोप आणि पसायदान
```

यात दोनतीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. उजळणी हा वेगळा टप्पा आहे, कारण रोज सलग ऐकणाऱ्याला ती नको असते आणि महिन्याने परतलेल्याला तीच हवी असते. प्रत्येक नावात ओवीचा आकडा आहे, म्हणून हातात ग्रंथ घेऊन बसणाऱ्याला पान लगेच सापडते. आणि दाखल्याचे नाव आहे, कारण श्रोत्याला ओवीचा आकडा आठवत नाही, ‘ते गाय-वाघाचे कुठे होते’ एवढेच आठवते. टप्प्याला ‘चिंतन भाग 1’, ‘चिंतन भाग 2’ अशी नावे दिली तर पट्टीचे तुकडे पडतात, पण शोधणाऱ्याला त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही.

ओवीचा आकडा देताना प्रत सांगावी लागते. साखरे महाराजांची प्रत, राजवाड्यांची प्रत, शासनाची प्रत यांत ओव्यांची संख्या आणि क्रम सगळीकडे तंतोतंत जुळत नाही. प्लेलिस्टच्या वर्णनात ‘आकडे अमुक प्रतीप्रमाणे’ एवढी ओळ पुरते. तुकाराम महाराजांच्या गाथ्यात हा फरक अधिक आहे. तिथे अभंगाचा आकडा देण्यापेक्षा त्याचे सुरुवातीचे शब्द द्यावेत.

आता चुका. सर्वांत जास्त घडणारी चूक सर्वांत साळसूद असते. डिस्क्रिप्शनमध्ये वर मोठ्या भक्तिभावाने लिहिलेले असते, ‘प्रवचन रोज सायं. 6:30 ते 8:30’. यूट्यूबला ही घड्याळाची वेळ आहे की व्हिडिओतली, हे कळत नाही. त्याचाही निळा दुवा होतो आणि चढता क्रम मोडला तर खाली नीट लिहिलेले चॅप्टर दिसेनासे होऊ शकतात. तीच गत ग्रंथसंदर्भाची. भगवद्गीता 12:13 किंवा भागवत 10:14 असे मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन टिंब घालून लिहिले, की ती बारा मिनिटे तेरा सेकंद होतात. संदर्भ 12.13 असा एका टिंबाने लिहावा आणि कार्यक्रमाची वेळ ‘सायंकाळी साडेसहा’ अशी अक्षरांत. एवढ्याने अर्ध्याअधिक तक्रारी मिटतात. तरीही चॅप्टर दिसत नसतील तर 0:00 राहिले आहे का, एखादी वेळ मागेपुढे झाली आहे का, हे पाहावे. चॅनेलवर नियमभंगाचा स्ट्राइक असला तरीही ही सोय मिळत नाही, आणि पार्श्वसंगीताला चित्रपटगीत वापरण्याची हौस असणाऱ्या चॅनेलांना हे कधी ना कधी भोवते.

दुसरी चूक थेट प्रक्षेपणाची. सप्ताहात प्रक्षेपण सुरू होते ते कीर्तनाच्या आधी वीस-पंचवीस मिनिटे. त्यात माइकची चाचणी, सत्कार, नारळ-शाल, देणगीदारांची नावे असे सगळे येते. मग कुणीतरी दुसऱ्या दिवशी यूट्यूबच्याच एडिटरमध्ये सुरुवातीचा भाग कापतो. व्हिडिओ नीटनेटका होतो, पण आदल्या रात्री लिहिलेल्या सगळ्या वेळा तेवढ्यानेच चुकतात. 49:05 वर गाय-वाघ येण्याऐवजी टाळ्या येतात. म्हणून आधी कापाकापी, मग चॅप्टर, हा क्रम उलटा करू नये.

वेळा नोंदवायच्या कशा, याची एक साधी रीत आहे. कीर्तन चालू असताना एकाने घड्याळ आणि वही घेऊन बसावे. समजा कॅमेरा 5:40 ला सुरू झाला, गादीवर बुवा 6:02 ला आले आणि अभंगाचे निरूपण 6:31 ला सुरू झाले. कॅमेऱ्याच्या हिशेबाने निरूपण 51 मिनिटांवर आहे. नंतर सुरुवातीची साडेएकवीस मिनिटे कापली, तर ते साडेएकोणतीस मिनिटांवर येईल, म्हणजे 29:30. वहीतल्या सगळ्या वेळांतून तोच आकडा वजा करत गेले की झाले. घरी बसून पूर्ण व्हिडिओ पुन्हा पाहण्यापेक्षा हे पुष्कळ हलके काम आहे, आणि नोंद करणारा श्रोता असल्याने त्याला दाखला कुठे संपला हे कळते. यूट्यूब आपोआपही चॅप्टर पाडू शकते, पण हाताने लिहिलेले असतील तर तेच दिसतात. कीर्तनात विषयांतर कुठे आणि दृष्टांत कुठे, हे ऐकणाऱ्या माणसालाच नीट ठरवता येते. तेव्हा वहीला पर्याय नाही.

कीर्तनाचे टप्पे प्रवचनाहून वेगळे पडतात. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग ही ठसठशीत विभागणी आहेच. नमन, मुख्य पद, निरूपण, मध्यंतरातला नामगजर, आख्यान, आरती अशी सहासात नावे आपोआप तयार होतात. अनेकांना फक्त आख्यान ऐकायचे असते. त्यात वाईट काहीच नाही. वारकरी कीर्तनात सगळा डोलारा एका अभंगावर असतो, म्हणून तिथे चरणानुसार टप्पे पाडावेत: अभंग, पहिला चरण, त्यावरचा दृष्टांत, दुसरा चरण. काही कीर्तनकारांना मुळात टप्पेच नको असतात. कीर्तन चढत जाते, मधूनच उडी मारून आलेल्याला त्याचा रंग कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे नुसते झटकून टाकण्यासारखे नाही. पण पट्टी पुढे ढकलून उड्या मारणारा श्रोता टप्पे नसतानाही उड्या मारतोच, तोही आंधळेपणाने. त्यापेक्षा सहासात टप्पे बरे. वीसपंचवीस मात्र नकोत. दर तीन मिनिटांना टप्पा पाडला की पट्टी नुसती तुटक दिसते आणि मोबाइलवर बोटही नेमके पडत नाही.

एका व्हिडिओच्या आतला प्रश्न इथे संपतो आणि व्हिडिओंच्या रांगेचा सुरू होतो. तो अधिक अवघड आहे, कारण ग्रंथावरची प्रवचने फार काळ चालतात. दर आठवड्याला एक प्रवचन आणि त्यात सुमारे बारा ओव्या, असा वेग धरला तर सबंध ज्ञानेश्वरीला साडेसातशे प्रवचने लागतील, म्हणजे साधारण साडेचौदा वर्षे. एकट्या अठराव्या अध्यायाच्या प्रचलित प्रतींत अठराशेच्या आसपास ओव्या आहेत. त्यालाच जवळजवळ तीन वर्षे. एवढ्या काळात कॅमेरा बदलतो, चॅनेल सांभाळणारा मुलगा नोकरीला बंगळुरूला जातो, त्याच्या जागी दुसरा येतो आणि नाव लिहिण्याची पद्धत बदलते. पहिल्या दिवशी ठरवलेली नावाची घडी शेवटपर्यंत टिकली पाहिजे, हे म्हणूनच महत्त्वाचे.

घडी कशी असावी? मोबाइलवर यादीत नावाच्या दीडदोन ओळीच दिसतात. सप्ताहांच्या व्हिडिओंची नावे बहुधा अशी असतात: ‘श्रीक्षेत्र अमुक येथील भव्य अखंड हरिनाम सप्ताह व ज्ञानेश्वरी पारायण सोहळा, ह.भ.प. ...’ आणि इथे ओळ संपते. आठही व्हिडिओंच्या पहिल्या दोन ओळी अक्षर न् अक्षर सारख्या, आणि दिवस कितवा, कीर्तनकार कोण, अभंग कोणता हे सगळे दिसत नाही अशा शेपटात. यूट्यूब नावाला शंभर अक्षरे देते, पण उपयोगाची पहिली चाळीसच. म्हणून उलट करावे. आधी वेगळेपण, मग सोहळ्याचे नाव: ‘दिवस 3, कीर्तन, ह.भ.प. अमुक महाराज, अमुक सप्ताह 2025’. ग्रंथावरच्या मालिकेत ‘ज्ञानेश्वरी 412, अध्याय 12, ओवी 144–148’ असे. सलग आकडा हा श्रोत्याचा पत्ता. ‘मी चारशे बारापर्यंत ऐकले’ हे वाक्य वहीत लिहिता येते, फोनवर सांगता येते, कोणत्याही यंत्राच्या आठवणीची त्याला गरज नाही.

सप्ताहाच्या मालिकेत आणखी एक गुंता असतो. सकाळी काकडा आणि पारायण, दुपारी गाथा भजन किंवा प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, असे दिवसाला चारपाच व्हिडिओ तयार होतात. शिवाय आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन. सगळे एकाच प्लेलिस्टमध्ये ओतले तर कीर्तने ऐकणाऱ्याच्या वाटेत दर वेळी काकडा येतो. कीर्तनांची एक, प्रवचनांची दुसरी अशा दोन प्लेलिस्ट कराव्यात; काकड्याचे आणि हरिपाठाचे सातसात व्हिडिओ ठेवायचेच असतील तर तिसरी. आणि सप्ताह अखंड आहे म्हणून प्रक्षेपणही अखंड ठेवू नये. 12 तासांपेक्षा लांबलेले थेट प्रक्षेपण यूट्यूब नंतर पाहण्यासाठी साठवून ठेवण्याची हमी देत नाही. प्रत्येक कार्यक्रम संपला की प्रक्षेपण थांबवून नवे सुरू करावे; रात्रीचे कीर्तन मग आपोआप वेगळा व्हिडिओ होते.

प्लेलिस्टमध्ये क्रम लावण्याचे पर्याय अनेक आहेत: नवे आधी, जुने आधी, लोकप्रिय आधी, किंवा हाताने लावलेला. ‘नवे आधी’ राहिले तर आठव्या दिवसापासून मालिका सुरू होते आणि काल्याचे कीर्तन सर्वांत आधी ऐकवले जाते. ‘जुने आधी’ बरे, पण तेही फसते. तिसऱ्या दिवशी वीज गेली, त्या दिवसाचे ध्वनिमुद्रण मंडपवाल्याकडून नंतर मिळाले, ते दहा दिवसांनी चढवले, की तिसरा दिवस शेवटाला जातो. ग्रंथाच्या मालिकेसाठी हाताने लावलेला क्रमच योग्य. नवा भाग शेवटी आपसूक जोडला जातो, आणि उशिरा आलेला भाग धरून वर ओढला की जागेवर बसतो. पुढे कधीतरी कुणी चुकून दुसरा पर्याय निवडला तर सगळी रांग उलटी होते, म्हणून महिन्यातून एकदा लॉगिन न करता प्लेलिस्ट उघडून पहिले दोन आणि शेवटचे दोन व्हिडिओ पाहून घ्यावेत.

प्लेलिस्टच्या सेटिंगमध्ये `Set as official series for this playlist` असा एक पर्याय असतो. तो निवडला की यूट्यूबला कळते की हे व्हिडिओ एका क्रमाने पाहायचे आहेत, आणि एक भाग संपल्यावर पुढचा सुचवताना ते लक्षात घेतले जाते. एरवी बाराव्या अध्यायानंतर भलत्याच चॅनेलची भुताची गोष्ट सुरू होण्याची शक्यता असते. अट एकच महत्त्वाची: एक व्हिडिओ एकाच अशा मालिकेत असू शकतो. मग मालिका सबंध ग्रंथाची करावी की अध्यायाची? सबंध ग्रंथाची करावी, हेच इथले मत. अध्याय संपला म्हणून निरूपण संपत नाही. बाराव्याच्या शेवटून तेराव्याच्या आरंभी श्रोता न थांबता गेला पाहिजे. अध्यायवार प्लेलिस्ट साध्या ठेवाव्यात, त्या शोधण्यासाठी. एका प्लेलिस्टमध्ये पाच हजार व्हिडिओ मावतात, त्यामुळे साडेसातशेची अडचण नाही.

एक मर्यादा मात्र राहतेच. साडेसातशे भागांची प्लेलिस्ट ‘सर्व चालवा’ म्हणून उघडली की ती पहिल्यापासून सुरू होते. चारशे बाराव्यापर्यंत सरकत जाणे हे बोटाला शिक्षा आहे. यावर उपाय दोन. अध्यायवार प्लेलिस्ट हा पहिला. दुसरा म्हणजे व्हॉट्सअॅप गटात दुवा देताना भागाचा आणि क्षणाचाही द्यावा. संगणकावर व्हिडिओच्या `Share` मध्ये `Start at` हा चौकोन असतो; तो निवडला की दुव्याच्या शेवटी सेकंद जोडले जातात. चौदा मिनिटे पंचवीस सेकंद म्हणजे 865, म्हणून दुव्याचा शेवट `t=865` असा होतो. प्रवचनाच्या गटात रोज सकाळी ‘सुप्रभात’च्या फुलांऐवजी असा एक दुवा आला तर गटातल्यांची सोय होईल, निदान मोबाइलची जागा तरी वाचेल.

व्हिडिओ न पाहता फक्त ऐकणारे श्रोते वेगळे. स्वयंपाक करताना, शेतात, गाडीत ऐकणाऱ्यांना चित्राची गरज नसते. पॉडकास्टच्या यादीत नवा भाग वर, ही सर्वसाधारण रीत. बातम्यांच्या गप्पांना ती ठीक, दासबोधाला नाही. फीडमध्ये `<itunes:type>serial</itunes:type>` एवढी ओळ घातली की अॅपल पॉडकास्टसारख्या ठिकाणी पहिला भाग आधी दिसतो, आणि प्रत्येक भागाला `<itunes:episode>` मध्ये आकडा देता येतो. बहुतेक पॉडकास्ट सेवांत हे एका खुणेने होते, हाताने लिहावे लागत नाही. दासबोधाला तर दशक म्हणजे हंगाम आणि समास म्हणजे भाग, अशी वाटणी इतकी नेमकी बसते की वेगळा विचारच नको.

आणि मग पेनड्राइव्ह. हा विषय मागास वाटेल, पण गाडीत आणि मेमरी कार्ड घालून चालणाऱ्या छोट्या स्पीकरवर आजही प्रवचने मोठ्या प्रमाणात ऐकली जातात. फाइलींची नावे 1, 2, 3 अशी दिली तर अनेक यंत्रे अक्षरांच्या क्रमाने 1 नंतर 10, मग 11 आणि पुष्कळ नंतर 2 वाजवतात. नावे 001, 002 अशी शून्ये लावून द्यावीत; साडेसातशे भागांना तीन अंक पुरतात. काही गाड्यांचे प्लेअर याच्याही पुढे जाऊन नाव बघतच नाहीत, कार्डावर फाइल ज्या क्रमाने उतरली त्या क्रमाने वाजवतात. सगळ्या फाइली एकदम निवडून टाकल्या की तो क्रम विस्कटू शकतो. भाग मागेपुढे वाजत असतील आणि नावे बरोबर असतील, तर कार्ड रिकामे करून एकेक अध्यायाचे फोल्डर क्रमाने पुन्हा भरावे. पाचशे भाग एका फोल्डरमध्ये टाकण्यापेक्षा अध्यायवार फोल्डर नेहमीच बरे. यंत्र चुकले तरी श्रोता फार लांब भरकटत नाही.

जुन्या चॅनेलवर चढवलेल्या शेकडो व्हिडिओंचे काय, हा प्रश्न मंडळे हमखास विचारतात. सगळे एकदम दुरुस्त करायला बसले की दुसऱ्या आठवड्यात काम थांबते. आधी फक्त नावांत क्रमांक घालावेत. नाव बदलल्याने दुवा बदलत नाही, आधी पाठवलेले दुवे चालूच राहतात. मग प्लेलिस्टचा क्रम लावावा. चॅप्टर शेवटी, आणि तेही जे भाग लोक परतपरत ऐकतात त्यांनाच आधी. व्हिडिओ काढून नव्याने चढवणे मात्र टाळावे, कारण तसे केले की जुना दुवा मरतो आणि श्रोत्यांची अर्धवट राहिलेली लाल रेघही पुसली जाते.

येत्या सप्ताहाच्या पत्रिकेत मंडपव्यवस्था, पंगत आणि ध्वनिक्षेपक यांच्या जबाबदाऱ्या नावानिशी छापल्या जातील. त्यांत वेळ आणि ओवी टिपणाऱ्या एकाचे नाव मंडळांनी जरूर घालावे, आणि त्याला पुढच्या रांगेत, गादी नीट दिसेल अशी जागा द्यावी.